अठरा चेहऱ्यांची वही

११ नोव्हेंबर २०२४, सोमवार

अण्णांच्या स्टुडिओत मला दोन वर्षं झाली. लाइट धरायचे, मागचा पडदा बदलायचा, कार्ड रिकामं करायचं, गिऱ्हाइकाचा शर्ट सरळ करायचा, हे माझं काम. या प्रकल्पात पहिल्यांदाच अण्णांनी मला लिहायला सांगितलं आहे, म्हणून ही वही.

प्रकल्प असा : आमच्या सोमवारच्या बाजारातल्या अठरा माणसांचे चेहरे, मोठ्या आकारात छापून वाचनालयाच्या सभागृहात लावायचे. उद्घाटन ४ जानेवारीला. तो लुई ब्रेलचा जन्मदिवस, म्हणून त्या दिवशी जवळच्या अंधशाळेतली मुलं येणार आहेत आणि त्यांचे निवृत्त संगीत शिक्षकही. प्रत्येक फोटोखाली ब्रेलमध्ये क्रमांक असेल, हातात छोटा प्लेअर असेल आणि त्या क्रमांकाचं बटण दाबलं की तो चेहरा कानात सांगितला जाईल. सांगायचं मी. एका चेहऱ्याला साधारण एक मिनिट, म्हणजे शंभरेक शब्द.

उजेडाची मांडणी अठराही फोटोंना एकच राहील. उत्तरेची खिडकी, तिच्यावर पातळ पांढरं मांजरपाट, दुसऱ्या बाजूला थर्माकोलची पांढरी शीट. ८५ एमएमची लेन्स, माणूस स्टुलावर, कॅमेरा दोन मीटर लांब. अण्णांचं म्हणणं, भिंतीवर जो फरक दिसेल तो चेहऱ्यांचा दिसावा, उजेडाचा नको.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

पहिले तीन चेहरे लिहून अण्णांना वाचून दाखवले. चांभारकाम करणाऱ्या आजोबांचं असं लिहिलं होतं : "आयुष्यभराच्या कष्टांनी कोरलेला चेहरा. डोळ्यांत एक वेगळंच तेज. ओठांवर समाधानाचं निर्मळ हसू."

अण्णा म्हणाले, "हे ऐकून स्टँडवर उभ्या असलेल्या पन्नास माणसांतून या आजोबांना शोधून काढता येईल का?"

नाही येणार. कष्ट आणि समाधान तर त्या पन्नासांतल्या चाळिसांकडे असेल. आजोबांचा असा त्यात एक शब्द नाही.

दुपारी फोटो मोठा करून समोर ठेवला आणि कागदाच्या दोन बाजू केल्या. डावीकडे डोळ्यांना दिसतं ते, उजवीकडे मला वाटतं ते. माझं सगळं लिखाण उजवीकडे गेलं. डावीकडे नव्याने लिहायला घेतलं तेव्हा पहिल्यांदा आजोबांकडे नीट पाहिलं. भुवयांचे केस लांब, खाली वाकून पापण्यांना टेकलेले. वरचा ओठ मिशीत झाकलेला, म्हणजे हसू मला दिसलंच नव्हतं, मी ते डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्यांवरून धरून चालले होते. खालच्या ओठाच्या मधोमध एक उभी खाच. ती कशाची, तर पन्नास वर्षं शिवताना दोरा तिथे धरतात.

ते "कष्टांनी कोरलेला" मी आधी लिहिलं होतं आणि कोरलेली खरी जागा पाहिलीच नव्हती.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

आज दोन चुका सापडल्या. दोन्ही लिहून ठेवते, कारण पुढे पुन्हा होतील अशाच आहेत.

बांगडीवाल्या काकूंच्या गालावर मोठा तीळ आहे. मी लिहिलं, "डाव्या गालावर तीळ." काकू आज कशाला तरी स्टुडिओत आल्या, तर तीळ उजवीकडे. मी फोटोची डावी बाजू लिहिली होती. काकूंना विचारलं तर त्याही क्षणभर अडखळल्या, कारण त्या स्वतःला आरशात पाहतात आणि आरशातली बाजू फोटोत उलटी होते. आता ठरवलं : डावं-उजवं नेहमी त्या माणसाचं, आणि तसं शब्दांत म्हणायचं, "त्यांच्या उजव्या गालावर." ऐकणारा मग स्वतःच्या उजव्या गालाला हात लावून ती जागा ओळखू शकतो. हा उपयोग माझ्या आधी लक्षात आला नव्हता.

दुसरी चूक जास्त गंभीर. भडभुंज्यांचा फोटो स्टुडिओत न काढता त्यांच्या भट्टीपाशी काढला होता. जागा अरुंद, म्हणून अण्णांनी ३५ एमएमची लेन्स लावून हातभरावरून काढला. मी लिहिलं, "नाक मोठं, पसरट, कान लहान आणि मागे गेलेले." हे त्यांचं नाकच नव्हे. जवळून काढला की कॅमेऱ्याच्या सगळ्यात जवळचं नाक फुगतं आणि त्याच्यापेक्षा लांबचे कान आकसतात. दोष अंतराचा आहे, लेन्स फक्त तेवढं जवळ जायला लावते. फोटो मुद्दाम पुन्हा स्टुडिओत, दोन मीटरवरून काढला. नाक सरळ, बेताचं. कान चांगले मोठे, पाळ्या लोंबत्या.

मी पहिलं वर्णन तसंच रेकॉर्ड केलं असतं तर एका माणसाचं नाक मी गावभर खोटं सांगितलं असतं, तेही प्रामाणिकपणे फोटो पाहून. म्हणून यापुढे वर्णन लिहिण्याआधी माणसाला एकदा समोर बसवून बघणार. फोटोतलं काय चेहऱ्याचं आहे आणि काय कॅमेऱ्याचं, हे फोटोवरून एकट्याने ठरत नाही.

२५ नोव्हेंबर, सोमवार

दूध संकलन केंद्रावर फॅट काढणारे काका. वय त्यांनी सांगितलं, ५८. (वय मी आता अंदाजाने लिहीत नाही. विचारते, सांगितलं तर लिहिते.)

फोटो पाहून मी लिहिलं होतं, "एका बाजूने वर गेलेलं खट्याळ हसू." वाचून दाखवल्यावर काका शांत बसले. मग म्हणाले, "पोरी, ते हसू नव्हे. तोंडावरनं वारं गेलंय माझ्या."

मला जमिनीत गेल्यासारखं झालं. पण काका रागावले नाहीत, त्यांनी समजावलं. तीन वर्षांपूर्वी सकाळी चहा प्यायला लागले तर तो तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून गळायला लागला. डॉक्टरांनी सगळ्यात आधी भुवया वर करायला सांगितलं. कपाळाला दोन्हीकडे आठ्या पडल्या असत्या तर डोक्यात काही झाल्याची शंका जास्त. त्यांच्या आठ्या डावीकडे पडेनात, तेव्हा डॉक्टर म्हणाले की बिघाड बहुतेक चेहऱ्याच्या नसेत आहे. बऱ्याच जणांचा चेहरा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पूर्वीसारखा होतो. काकांचा पुष्कळ सुधारला, पण पूर्ण नाही.

मी फोटो पुन्हा उघडला. सगळं त्यात होतंच. कपाळावरच्या तीन आठ्या उजवीकडून येतात आणि बरोबर मध्यावर थांबतात. डावी बाजू गुळगुळीत. नाकापासून ओठाकडे येणारी घडी उजवीकडे खोल, डावीकडे पुसट. डाव्या डोळ्याची खालची पापणी किंचित खाली ओघळलेली, त्यामुळे त्या डोळ्यात पांढरं जास्त दिसतं. इतक्या खुणा समोर असताना माझं लक्ष फक्त ओठांच्या वर गेलेल्या कोपऱ्यावर गेलं आणि त्याला मी स्वभाव चिकटवला. ओठ उजवीकडे वर गेलेत हे मला दिसलं होतं, खट्याळपणा मी घातला होता.

मी विचारलं, "काका, हे सांगू का नको? नको म्हणालात तर नाही सांगणार."

"सांग की. ज्यांना डोळे हायत ते बघणारच हायत. फक्त बिचारा-बिचारा करू नको."

रेकॉर्डिंगसाठी ठरलेला मजकूर :

"काका समोर बघताहेत. चेहरा लांबट, हनुवटी टोकदार. केस बारीक कापलेले, कानांच्या वर पांढरे. कपाळावर तीन आठ्या. त्या त्यांच्या उजव्या बाजूला ठळक आहेत आणि मध्यावर थांबतात. तीन वर्षांपूर्वी तोंडावरून वारं गेल्यापासून चेहऱ्याची डावी बाजू कमी हलते. हसताना ओठ उजवीकडे वर जातात, डावीकडे सरळ राहतात. या फोटोत ते हसताहेत."

शेवटचं वाक्य काकांनी घालायला लावलं. मी आधी हसण्याचा उल्लेखच काढून टाकला होता, भीतीने. ते म्हणाले, "मी हसत होतो की. अण्णांनी म्हशीची गोष्ट सांगितली तवाच फोटो काढलाय."

२ डिसेंबर, सोमवार

पालेभाजीवाल्या मावशींचा फोटो झाला. त्या बाजारात वडाखाली बसतात, मेथी, शेपू, अंबाडी. चेहऱ्यावर देवीचे वण आहेत, कपाळापासून हनुवटीपर्यंत, दाट.

मी वण पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिले. आमच्या वयाच्या कुणाच्या चेहऱ्यावर ते नसतातच. भारतातला देवीचा शेवटचा रोगी १९७५ साली सापडला आणि १९७७ मध्ये देश देवीमुक्त जाहीर झाला. म्हणजे ज्यांच्या चेहऱ्यावर हे वण आहेत ती माणसं आज पन्नाशीच्या अलीकडची असूच शकत नाहीत. अजून काही वर्षांनी हा चेहरा फोटोतच राहील.

उजेडावरून अण्णांनी बराच वेळ घालवला. उजेड अगदी बाजूने आला की प्रत्येक खळग्याच्या एका काठावर सावली पडते आणि वण आहेत त्याहून खोल दिसतात. समोरून सपाट उजेड टाकला की सावली नाहीशी होते आणि वणही. अण्णांनी थर्माकोल नेहमीपेक्षा जवळ, मावशींच्या खांद्यापासून हातभर आणला. मग दारातल्या उजेडात मावशी जशा दिसतात तसंच कॅमेऱ्यात दिसू लागलं, तेव्हा थांबले.

रात्री वर्णन लिहिलं. वणांचं काही लिहिलं नाही. खूप वेळ विचार करून नाही लिहिलं. वाटलं, अंध मुलांना ते दिसणार नाहीत, तर निदान त्यांच्यापुरत्या मावशी नुसत्या मावशी असू देत. लिहिलं ते असं : चेहरा गोल, गाल भरलेले, कपाळावर हिरवं गोंदण, मोठं लाल कुंकू, नाकात चमकी, डोक्यावर पदर. सगळं खरं होतं.

५ डिसेंबर, गुरुवार

तयार झालेली सहा वर्णनं घेऊन निवृत्त संगीत शिक्षकांकडे गेले. सरांना पाहण्याची ही माझी पहिली वेळ. दार त्यांनीच उघडलं आणि मी उंबऱ्यातच थांबले. सरांच्या चेहऱ्यावरही तसेच वण. वयाच्या चौथ्या वर्षी देवी आल्या, डोळ्यांत फोड आले, बुबुळांवर पांढरं पडलं आणि दृष्टी गेली. हे त्यांनी पेटीवरचं कापड घडी करता करता सांगितलं.

मी एकेक वर्णन वाचत गेले. फॅटवाल्या काकांचं त्यांना आवडलं. आठ्या मध्यावर थांबतात या वाक्याला त्यांनी स्वतःच्या कपाळावरून बोट फिरवून पाहिलं. मग मावशींचं वाचलं. ऐकून झाल्यावर म्हणाले, "ही वडाखाली बसते तीच का? माझी बायको तिच्याकडूनच भाजी आणायची. तिच्या तोंडावर देवीचे वण आहेत ना?"

"हो, सर."

"तू लिहिले नाहीस."

मी म्हटलं, मला ते बरं वाटलं नाही.

सर थोडा वेळ बोलले नाहीत. मग जे म्हणाले ते मी घरी येऊन लगेच लिहून काढलं, शब्द शक्य तितके त्यांचेच आहेत : "तिथे माझ्या शेजारी डोळस माणसं उभी असतील. ती फोटो बघून हळूच एकमेकांना म्हणतील, वण बघ किती आहेत. माझे कान चांगले आहेत, मला ते ऐकू येईल. म्हणजे सभागृहात सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट मला तेवढी कुजबुजीतून कळेल. आणि तुझ्या आवाजाने ती माझ्यापासून लपवली हेही कळेल. मग बाकीच्या सतरा चेहऱ्यांवर मी विश्वास का ठेवायचा?"

मला उत्तर नव्हतं.

निघताना त्यांनी आणखी एक विचारलं. "तिचे आहेत ते माझ्यासारखेच का गं?" आणि तळहात गालावर ठेवला.

मी नीट बघून सांगितलं. तुमचे गालांवर दाट आहेत आणि कपाळावर विरळ. त्यांचे कपाळावरही दाट आहेत, पण खळगे तुमच्यापेक्षा लहान. सरांनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्याचं असं कुणी त्यांना आधी सांगितलं नसावं, असं मला वाटलं. (हे उजव्या बाजूचं वाक्य आहे, मला माहीत आहे.)

९ डिसेंबर, सोमवार

बाजार उठताना मावशींपाशी गेले. त्या उरलेल्या पेंढ्यांवर पाणी मारत होत्या. मी म्हटलं, मावशी, तुमच्या फोटोबद्दल सांगताना वणांचं सांगायचं आहे, चालेल का? आणि त्यांना तुम्ही काय म्हणता?

"काय म्हननार? देवीचं वण. माझी आई म्हनायची, पाट्याला टाकी लावल्यागत झालंय पोरीचं तोंड." हसल्या. मग पोत्यावर बसायला जागा केली आणि पुढचं सांगितलं.

लग्नाच्या वयात त्यांचा "दाखवायचा" फोटो काढला, तो आमच्याच स्टुडिओत, अण्णांच्या वडिलांनी. फोटो घरी आला तर त्यात एकही वण नव्हता. आईला आनंद झाला. तो फोटो तीन ठिकाणी गेला आणि तिन्ही ठिकाणचे पाहुणे आले. पोहे खाल्ले आणि गेले. तिसऱ्या वेळी मुलाच्या मामाने फोटो खिशातून काढून मावशींच्या तोंडाशेजारी धरला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, ही ती पोरगी नव्हे.

"फोटोतली बाई मला लई दिवस आवडायची न्हाई," मावशी म्हणाल्या. "तिच्यापायी तीन डाव मान खाली घालाय लागली." चौथं स्थळ फोटोविना आलं. त्या माणसाने आधी बाजारात येऊन भाजी घेतली, मग मागणी घातली. मावशींचे यजमान ते.

"तू वण सांग. पन आधी ते नगं. मी काय आधी वण न्हाई."

१० डिसेंबर, मंगळवार

अण्णांना हे सांगावं की नाही यात सकाळ गेली. सांगितलं. ते काही न बोलता माळ्यावर चढले आणि वडिलांच्या जुन्या निगेटिव्हच्या पेट्या उतरवल्या. दुपारपर्यंत सापडली. एकेक निगेटिव्ह बटर पेपरच्या पाकिटात, वर शाईने क्रमांक.

निगेटिव्ह खिडकीसमोर धरली तर नितळ चेहरा. अण्णांनी ती आडवी करून टेबल लॅम्पच्या तिरक्या उजेडात धरली, इमल्शनची निस्तेज बाजू वर. तेव्हा शिसं चमकलं. कपाळावर, गालांवर, हनुवटीवर पेन्सिलीचे शेकडो बारीक फटके, कुठे स्वल्पविरामासारखे, कुठे नुसते ठिपके.

पद्धत अण्णांनी समजावली, त्यांनी लहानपणी शेजारी बसून पाहिली होती. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. खळग्यातली सावली तिथे फिकी, पारदर्शक दिसते. उतरत्या डेस्कवर दुधी काचेपुढे निगेटिव्ह लावायची, खालच्या आरशाने मागून उजेड द्यायचा, पेन्सिल पॉलिश पेपरवर घासून सुईसारखी करायची आणि प्रत्येक फिक्या ठिपक्यात शिसं भरत जायचं, आजूबाजूच्या कातडीइतकं गडद होईपर्यंत. प्रिंट काढली की तिथे सावली उरत नाही, म्हणजे खळगा उरत नाही.

"या एका चेहऱ्याला बाबांना दोन रात्री तरी लागल्या असतील," अण्णा म्हणाले. "आणि असल्या कामाचे ते वेगळे पैसे घेत नसत. गरिबाची पोर आहे, म्हणायचे."

मला वाटलं होतं अण्णा वडिलांची बाजू घेतील किंवा त्यांना दोष देतील. दोन्ही केलं नाही. निगेटिव्ह पुन्हा पाकिटात घातली. मी मात्र संध्याकाळभर त्या फटक्यांचाच विचार करत होते. दोन रात्री जागून, मायेने, एकेक ठिपका भरलेला. आणि २ तारखेच्या रात्री मीही हेच केलं होतं, शिशाऐवजी गप्प राहून.

१६ डिसेंबर, सोमवार

मावशींचं दुसरं वर्णन. चार वेळा लिहिलं. अडचण जागेची होती. वण पहिल्या वाक्यात घातले की पुढचं सगळं त्यांच्याआडून ऐकू येतं. अगदी शेवटी ठेवले की काहीतरी राखून ठेवून मग उघड केल्यासारखं होतं. मग चेहऱ्यावर नजर जशी फिरते तसं लिहिलं. आधी आकार, मग डोळे, मग कातडी, मग दागिने आणि पदर. कातडीची पाळी येईल तेव्हा वण. एकदाच, त्यांच्याच शब्दाने, आणि पुढच्या वाक्यात पुढे जायचं. "तरीही", "असूनही", "पण" यातला एकही शब्द त्या वाक्याच्या मागेपुढे नको. "वण असूनही चेहरा प्रसन्न" असं म्हटलं की वणांनी प्रसन्नतेला अडवायला हवं होतं असं मी आपणहून कबूल करते.

"व्रण" की "वण" यावरही थांबले. व्रण पुस्तकी आहे आणि ऐकताना ताज्या जखमेसारखा वाटतो. वण म्हणजे भरून आलेली खूण.

सरांना वाचून दाखवलं. वणांच्या वाक्यात मी मावशींच्या आईची उपमा घेतली होती, मावशींना विचारून. तीन मुलंही तिथे शिकवणीला आली होती. त्यातल्या जन्मांध मुलीने विचारलं, पाट्याला टाकी लावल्यासारखं म्हणजे कसं? सरांच्या स्वयंपाकघरात जुना पाटा उभा करून ठेवला होता. तिचा हात त्याच्यावर ठेवला. टाकीचे लहान लहान, जवळजवळचे खड्डे. ती म्हणाली, "कळलं," आणि बोटं बराच वेळ तिथेच फिरवत राहिली.

२० डिसेंबर, शुक्रवार

सोळा वर्णनं झाली. सगळी एकापाठोपाठ वाचताना एक गोष्ट खटकली. सात जणांना मी "सावळा", "काळासावळा" लिहिलं आहे आणि गोऱ्यांच्या रंगाबद्दल एक शब्द नाही. जणू गोरेपण सांगायची गरज नसते, ते धरलेलंच असतं. आधी वाटलं रंगच काढून टाकावा. त्याच जन्मांध मुलीला फोनवर विचारलं तर ती म्हणाली, "मला सगळे काळी म्हणतात. मग बाकीचे कसे आहेत ते मला कळायला नको?" रंग अठराही जणांचा सांगणार.

पांढऱ्या फेट्यातल्या बैलबाजारवाल्या आजोबांचं मात्र आधी फोटोत दुरुस्त करावं लागलं. फेटा, सदरा, मागची भिंत, सगळं पांढरं. कॅमेऱ्याला वाटलं उजेड फार आहे आणि त्याने चेहरा काळाकुट्ट केला. अण्णांनी दोन-तृतीयांश स्टॉप वाढवून पुन्हा काढला. आता ते आहेत तसे दिसतात, तांब्याच्या जुन्या घागरीसारखे.

३० डिसेंबर, सोमवार

मावशींना बाजारात जाऊन त्यांचं रेकॉर्डिंग ऐकवलं. त्यांनी पदर बाजूला करून कानात इअरफोन घातला आणि डोळे मिटले. मिनिटभर बाजाराचा आवाज त्यांच्यापर्यंत पोचत नसावा. मी त्यांचा चेहरा बघत उभी होते आणि भीती वाटत होती.

ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "वण सांगिटलंस, बरं केलंस. आईचं बोलनं बी घातलंस." मग इअरफोन काढून कानाला हात लावला. "आनि कुड्या?"

मी म्हटलं, काय मावशी?

"कुड्या गं. मोत्याच्या. फोटोच्या दिवशी मुद्दाम घालून आल्ते. आईच्या हायत्या. त्याचं एक अक्षर न्हाई."

स्टुडिओत येऊन फोटो बघितला. पदराच्या काठाखाली, त्यांच्या डाव्या कानात, सात मोत्यांची कुडी, खिडकीचा उजेड तिच्यावरच पडलेला. चार वेळा लिहिलं, दहा वेळा वाचलं आणि ती मला दिसली नाही. गालावरच थांबले होते.

बदललेला मजकूर, आज संध्याकाळी साडेसातला पुन्हा रेकॉर्ड केला, एक मिनिट चार सेकंद :

"मावशी समोर बघताहेत, मान किंचित उजवीकडे वळलेली. चेहरा गोल, गाल भरलेले. डोळे बारीक, कडांना सुरकुत्या. कपाळावर मोठं लाल कुंकू आणि त्याखाली हिरव्या गोंदणाचे तीन ठिपके. रंग सावळा. कपाळापासून हनुवटीपर्यंत देवीचे वण आहेत, लहान आणि जवळजवळ. त्यांची आई म्हणायची, पाट्याला टाकी लावल्यासारखे. नाकात खड्याची चमकी. डोक्यावर हिरव्या लुगड्याचा पदर, आणि पदराखालून डाव्या कानातली कुडी दिसते आहे. सात मोत्यांची. ती त्यांच्या आईची आहे, आणि फोटोसाठी त्या मुद्दाम घालून आल्या होत्या."

बांगडीवाल्या काकू आणि भडभुंजे यांचं रेकॉर्डिंग उद्या. ब्रेलचे क्रमांक सर तपासून देणार आहेत. उद्या जाताना सगळ्यांचे कान एकदा बघायचे.